शुगर-फ्री च्युइंगमने जुलाब लागतात का? मदत हवी आहे

रात्रपाळीचा_राजा
नमस्कार मंडळी. चार महिने झाले पोट ठिकाणावर नाही. सतत फुगलेलं, आतून गुडगुड, दिवसातून चार-पाच वेळा जावं लागतं आणि तेही पाण्यासारखं. डॉक्टर झाले, शौचाची तपासणी झाली, त्यात काही नाही. जंताची गोळी झाली, सात दिवस अँटिबायोटिक झालं, दह्यातल्या जिवाणूंची पुडी मिळते ना औषधाच्या दुकानात ती पण झाली. दूध बंद केलं, चपाती बंद केली. फरक शून्य.
आता बायको म्हणते तुमच्या त्या च्युइंगममुळे होतंय. अहो, त्यावर मोठ्या अक्षरात शुगर-फ्री लिहिलंय, म्हणजे त्यात काहीच नाही. गिळत पण नाही, चावून थुंकतो. मग पोटात जाणार काय? होतं का असं, हो किंवा नाही एवढंच सांगा. लांबड नको, ड्युटीवर आहे.

जोशीकाका_सातारा
कुडाची साल. कुटजारिष्ट चार चमचे तेवढ्याच पाण्यातून, दोन्ही जेवणांनंतर. सोबत ताजं ताक, त्यात सुंठ आणि भाजलेलं जिरं. आठ दिवसांत पोट जागेवर येईल. च्युइंगम हा प्रकार आमच्या लहानपणी नव्हता आणि आमची पोटं उत्तम होती.

रात्रपाळीचा_राजा
काका, ताक रोज पितोय. मी विचारलं काय, तुम्ही सांगताय काय.

निरागस_नारद
हो, शंभर टक्के होतं. शुगर-फ्री म्हटलं की अ‍ॅस्पार्टेम आलं. ते केमिकल आतड्याचं अस्तर जाळतं. कोल्ड्रिंकच्या डाएटवाल्या बाटल्या, चहात टाकायच्या त्या छोट्या गोळ्या, सगळं एकाच माळेचे मणी. बंद करा.

लॅबवाली
नारद, उत्तर बरोबर आणि कारण चूक. अ‍ॅस्पार्टेम किंवा सुक्रालोज साखरेपेक्षा शेकडो पट गोड असतं, म्हणून ते एका च्युइंगममध्ये मिलिग्रॅमच्या हिशोबात पडतं. एवढ्याशा गोष्टीने जुलाब लागत नाहीत. प्रश्न वेगळा आहे. साखर काढली की च्युइंगमचं वजन आणि आकार कशाने भरायचा? तिथे सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल, आयसोमाल्ट यांपैकी काहीतरी येतं. ही मंडळी चिमूटभर नसतात, च्युइंगमचा निम्म्याहून जास्त भाग तीच असतात.
राजा, तुम्ही थुंकता तो फक्त रबर. गोडवा संपला याचा अर्थच तो सगळा लाळेतून पोटात गेला.
आता हे सांगा: दिवसाला किती खाता?

रात्रपाळीचा_राजा
खातो थोडे. इतके काही नाही.

लॅबवाली
थोडे म्हणजे दोन का वीस?

मनीषा_ठा
माझ्या बाबांचं अगदी हेच झालं होतं! दिवाळीला भावाने शुगर-फ्री काजूकतलीचा अर्धा किलोचा डबा आणला. बाबांना मधुमेह, दहा वर्षं गोड नाही, त्यामुळे त्यांनी दोन दिवसांत डबा संपवला. तिसऱ्या दिवशी संडास सोडवेना. आम्हाला वाटलं खवा खराब. दुकानदाराशी भांडून आलो आम्ही. पण बाकी कुणीच ती खाल्ली नव्हती, हे नंतर लक्षात आलं.

पोटोबा
मनीषाताई, बाबांना मेटफॉर्मिन चालू आहे का? त्याने स्वतःच पोट बिघडतं, विशेषतः नवीन सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर. दोन्ही एकत्र आलं की दोष कुणाचा ते कळत नाही.

मनीषा_ठा
हो, चालू आहे, पण कित्येक वर्षांपासून. तोच डोस. डबा संपल्यावर दोन दिवसांत थांबलं सगळं.

पोटोबा
मग कतलीच.

लॅबवाली
मिठाईत बहुतेक वेळा माल्टिटॉल असतं, कारण ते चवीला आणि पोताला साखरेच्या सगळ्यात जवळ जातं. मी मिठाई-गोळ्यांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात सहा वर्षं काढली. नवीन शुगर-फ्री पेढ्याच्या चाचणीच्या दिवशी आम्ही आठ जण टेबलाभोवती बसून वेगवेगळ्या घाण्यांचे तुकडे चाखायचो. प्रत्येक तुकडा बोराएवढा, पण घाणे बारा-चौदा. दुपारी तीननंतर त्या मजल्यावरच्या बाथरूमबाहेर रांग. नवीन मुलीला कुणी आधी सांगायचं नाही, तोच आमचा रॅगिंगचा प्रकार.
आणि मनीषाताई, एक गोष्ट बाबांसाठी. माल्टिटॉलने रक्तातली साखर चढते, साखरेपेक्षा कमी चढते एवढंच. काजू आणि खव्याच्या कॅलरी तर जिथल्या तिथेच आहेत. ‘शुगर-फ्री आहे, खा हवी तेवढी’ असं त्यांना सांगू नका.

भूभू_आई
सगळ्यांसाठी महत्त्वाचं. झायलिटॉलवालं च्युइंगम कुत्र्याने खाल्लं तर त्याची साखर झपाट्याने उतरते, यकृतही जाऊ शकतं. घरात कुत्रा असेल तर पाकीट सोफ्यावर, पर्समध्ये उघडं ठेवू नका. खाल्लं असं वाटलं तरी थेट डॉक्टर गाठा, उलटीची वाट बघू नका.

रात्रपाळीचा_राजा
माझ्याकडे कुत्रा नाही. ताई, मोजले. एका पाळीत पंधरा-सोळा होतात. पण ते च्युइंगम, जेवण नाही. सोळा च्युइंगमने काय होणार?

लॅबवाली
सोळा! पाकिटाच्या मागे पोषणाचा तक्ता असेल. सॉर्बिटॉल वगैरे मंडळींचं एकत्र नाव ‘पॉलिऑल्स’ किंवा ‘शुगर अल्कोहोल’, तशी ओळ त्यात शोधा. शिवाय घटकांत त्यांचे आयएनएस क्रमांक ४२०, ४२१, ९५३, ९६५, ९६७ यांपैकी कोणते आकडे आहेत ते लिहा. पाकिटाचं वजन आणि आत किती नग तेही.

जोशीकाका_सातारा
अल्कोहोल? म्हणजे ही पोरं कारखान्यात दारू चघळतायत?

लॅबवाली
काका, दारूशी संबंध नाही. रसायनशास्त्रातल्या रचनेवरून पडलेलं नाव आहे, नशा चढत नाही. सॉर्बिटॉल तर सफरचंदात, नाशपतीत आणि सुक्या आलूबुखारात निसर्गतःच असतं. आलूबुखार खाल्ला की पोट साफ होतं ते अंशतः त्याच्यामुळेच.

रात्रपाळीचा_राजा
टी-ब्रेकमध्ये मोबाइलचा टॉर्च लावून वाचलं. वजन १४ ग्रॅम, आत १० नग. १०० ग्रॅमला कार्बोहायड्रेट ६७, शुगर ०, पॉलिऑल ६५. आकडे ४२०, ४२१ आणि ९६७. खाली मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजीत लिहिलंय, पॉलिऑल्स मे हॅव लॅक्झेटिव्ह इफेक्ट्स. लॅक्झेटिव्ह म्हणजे जुलाबच ना? हे चार महिने माझ्या खिशात होतं!!

लॅबवाली
पॉलिऑल जास्त असेल तर ती सूचना आपल्याकडे छापावीच लागते. समोर शुगर-फ्री टपोऱ्या अक्षरात आणि ही ओळ पाठीवर घडीत.
हिशोब करू. एक नग १.४ ग्रॅमचा, त्यातले ६५ टक्के म्हणजे साधारण ०.९ ग्रॅम. सोळा नग म्हणजे साडेचौदा ग्रॅम. बऱ्याच जणांना दहा ग्रॅम सॉर्बिटॉलने पोट फुगायला लागतं, वीसच्या आसपास पातळ होतं. काहींना पाचनेच त्रास, काही जण तीस पचवून ढेकर देतात. तुम्ही पंधरावर आहात, त्यामुळे फुगणं समजतं, पण रोज चार-पाच वेळा पाण्यासारखं, हे मला थोडं जास्त वाटतंय. आणखी काही शुगर-फ्री चालू आहे का? खोकल्याचं औषध? प्रोटीन बार? मिंटच्या गोळ्या?

रात्रपाळीचा_राजा
मिंटची डबी असते. पण ती श्वासासाठी, ती मोजायची असते हे माहीत नव्हतं.

लॅबवाली
किती?

रात्रपाळीचा_राजा
एक डबी संपते रात्रीत. १४ ग्रॅमची. तिच्यावर पॉलिऑल ९६ लिहिलंय.

लॅबवाली
झालं. दाबून बनवलेली मिंटची गोळी म्हणजे जवळजवळ शुद्ध सॉर्बिटॉल. त्या डबीतून साडेतेरा ग्रॅम. एकूण अठ्ठावीस.
२००८ साली बर्लिनच्या डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. एकवीस वर्षांची मुलगी, दिवसाला अठरा ते वीस ग्रॅम सॉर्बिटॉल च्युइंगममधून, ११ किलो वजन गेलं. दुसरा सेहेचाळीस वर्षांचा माणूस, च्युइंगम आणि शुगर-फ्री गोळ्या मिळून तीस ग्रॅम, त्याचं २२ किलो गेलं. तपासण्यांवर तपासण्या झाल्या. शेवटी कुणीतरी विचारलं की दिवसभर तोंडात काय असतं. ते बंद केल्यावर दोघेही बरे झाले.

निरागस_नारद
म्हणजे केमिकलच ना शेवटी? मी तेच म्हणत होतो. आतडं जळलं त्यांचं.

लॅबवाली
नाही जळलं, तोच तर मुद्दा आहे. आतड्याला काही इजा होत नाही. सॉर्बिटॉल लहान आतड्यातून रक्तात फार हळू आणि अर्धवट शिरतं. उरलेलं तसंच पुढे सरकतं आणि जाताना स्वतःबरोबर पाणी धरून ठेवतं. मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटतं ना, तसं समजा. ते पाणी मोठ्या आतड्यात पोचलं की शौच पातळ होतं. तिथले जिवाणू राहिलेल्या सॉर्बिटॉलवर ताव मारतात, ते आंबतं, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड तयार होतो. राजाची गुडगुड ती. बद्धकोष्ठाला डॉक्टर लॅक्ट्युलोजचं गोड सिरप देतात, ते ह्याच युक्तीवर चालतं. राजा रोज रात्री जुलाबाचं औषध घेतोय आणि दिवसा जुलाब का होतात म्हणून डॉक्टरकडे जातोय.
म्हणूनच शौचाच्या तपासणीत काही सापडलं नाही. त्यात जंतू नाहीत, रक्त नाही.

पुणेरी_पगडी
एक मुद्दा राहिला. च्युइंगम चावताना माणूस हवा गिळतो. पोट फुगतं ते हवेने. माझ्या मुलाचं च्युइंगम सोडवल्यावर त्याचे ढेकर बंद झाले.

पोटोबा
गिळलेली हवा बहुतेक ढेकरेवाटे वरच्या वर निघते. त्याने शौच पातळ होत नाही. थोडी भर पडत असेल, मूळ ते नाही.
राजा, आता माझे तीन प्रश्न. शौचातून रक्त? ताप? गाढ झोपेतून पोटाने उठवलं असं कधी झालं?

रात्रपाळीचा_राजा
रक्त-ताप नाही. पहाटे चारला हमखास जावं लागतं.

पोटोबा
हे बरोबर नाही. रात्री उठवणारे जुलाब साधे धरत नाहीत. मोठ्या आतड्याची तपासणी

पोटोबा
थांबा, अर्धवट गेलं. तुमची रात्रपाळी आहे ना? चारला तुम्ही जागेच असता. मी विचारतोय झोपलेले असताना.

रात्रपाळीचा_राजा
झोपेत नाही. सकाळी आठला झोपतो ते तीनपर्यंत मेल्यासारखा. उठल्यावर परत एकदा-दोनदा. आणि एक गंमत लिहायची राहिली, गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशी आणि शुक्रवारी सकाळी पोट एकदम बरं असतं. म्हणून मला वाटायचं कँटीनच्या जेवणाने होतंय. चारदा तक्रार लिहिली त्यांच्या वहीत.

लॅबवाली
गुरुवारी च्युइंगम किती?

रात्रपाळीचा_राजा
घरी पोरगी असते. तिच्यासमोर खात नाही.

मनीषा_ठा
बिचारं कँटीन! आमच्या मिठाईवाल्यासारखंच.

पोटोबा
च्युइंगम तोंडात जाणं बंद, की जुलाब बंद. हा नमुना फार बोलका आहे. तरी खात्री करायचा रस्ता सोपा आहे. पाच दिवस च्युइंगम आणि मिंट दोन्ही पूर्ण बंद. बाकी काही बदलू नका, दूध-चपाती परत चालू करा, उगाच बंद केलीत. थांबलं तर सहाव्या दिवशी पुन्हा तेवढंच घेऊन बघा, परत लागलं की उत्तर मिळालं. पाच दिवसांत फरकच पडला नाही, तर मात्र पोटाच्या डॉक्टरकडे. वजन किती उतरलंय?

रात्रपाळीचा_राजा
साडेतीन किलो.
पण बंद करणं जमणार नाही. तोच तर घोळ आहे. हे लिहिलं नव्हतं, पण चार महिन्यांपूर्वी तंबाखू सोडली. अठरा वर्षं होती. चुना लावून मळायची, गालात धरायची, रात्रपाळी कटायची. पोरगीने वाढदिवसाला मागितलं की सोडा. तेव्हापासून च्युइंगम. दोन ते पाच या वेळात तोंड रिकामं राहिलं तर हात आपोआप खिशाकडे जातो आणि शेजारचा ऑपरेटर पुडी पुढे करतोच. पोट बिघडलेलं चालेल, तंबाखू नको.

जोशीकाका_सातारा
अठरा वर्षांची तंबाखू सोडलीत? हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतंत. शाबास. तोंडात बारीक कातरलेली चिकणी सुपारी धरा, वेळ छान जातो.

पोटोबा
काका, सुपारी अजिबात नको. तंबाखूशिवायची सुपारीही तोंडाच्या कर्करोगाचं कारण आहे. तोंड उघडेनासं होतं ते सुपारीनेच.

जोशीकाका_सातारा
मी साठ वर्षं खातोय, मला काही झालं नाही.

निरागस_नारद
साधं साखरेचं च्युइंगम घ्या मग. केमिकलची भानगड नाही.

लॅबवाली
सोळा साखरेचे च्युइंगम रात्रभर म्हणजे दातांची वाट. तरी दोन-चार चालतील. राजा, सगळं किंवा काहीच नाही असं कशाला? आधी मिंटची डबी जाऊ द्या. ती तोंड गुंतवत नाही, दोन मिनिटांत विरघळते आणि निम्मं सॉर्बिटॉल तीच देते. च्युइंगम चारवर आणा, गोडी गेली तरी थुंकू नका, अर्धा तास चावत राहा. चावण्याने काम भागतं ना, मग रबर चावा, तो पोटात जात नाही. आणि रिकाम्या पोटी नको. तुमचं जेवण किती वाजता?

रात्रपाळीचा_राजा
साडेदहाला. मग पहाटे चहा.

लॅबवाली
म्हणजे दोन वाजता पोट रिकामं आणि वरून पंधरा-वीस ग्रॅम लागोपाठ. अन्नाबरोबर तेच हळू पुढे सरकतं, त्रास कमी होतो. दीड वाजता घरून नेलेलं काहीतरी खा, फुटाणे नकोत म्हणजे झालं, त्यांचा गॅस वेगळा. मधल्या वेळात लवंग, वेलची, भाजलेली बडीशेप.

पुणेरी_पगडी
एरिथ्रिटॉलवालं मागवा. ते लहान आतड्यातच शोषलं जातं आणि लघवीवाटे बाहेर, पोटाला त्रास नाही. मी कॉफीत घेतो.

लॅबवाली
पोटापुरतं बरोबर. पण त्याचं च्युइंगम शोधून महाग पडेल. शिवाय २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात रक्तातलं एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांना हृदयविकाराचे झटके जास्त आढळले. त्यावर वाद आहे, कारण शरीर स्वतःही ते थोडं तयार करतं. रोज भरभरून घ्या असं मी तरी म्हणणार नाही.

पुणेरी_पगडी
माझी कॉफी पण घालवलीत.

पोटोबा
राजा, तलफ आवरत नसेल तर निकोटीन च्युइंगमचा विचार डॉक्टरांशी बोलून करा. पण त्यातही सॉर्बिटॉल किंवा झायलिटॉल असू शकतं, मागची बाजू वाचा. तंबाखूच्या पुडीवर व्यसनमुक्तीचा फुकट नंबर छापलेला असतो, तो खरोखर चालतो, माझे दोन रुग्ण त्यावर बोलतात.

रात्रपाळीचा_राजा
(नऊ दिवसांनी)
आलो. पाच दिवस पूर्ण बंद नाही जमलं, खरं सांगतो. मिंट पूर्ण बंद, च्युइंगम रात्रीला तीन. पहिली रात्र फार बेकार गेली, दोन लवंगांनी जीभ बधिर झाली. तिसऱ्या दिवसापासून पहाटे चारची फेरी बंद. आता दिवसातून एकदाच, कधी दोनदा. काल मुद्दाम परीक्षा घेतली, एक अख्खी मिंटची डबी दोन वाजता संपवली. साडेचारला मशीन सोडून पळालो. सुपरवायझर विचारतो काय झालं, त्याला काय सांगू पॉलिऑल?
पोट फुगणं कमी झालंय पण गेलं नाही. चपाती परत चालू केली त्याने असेल का? आणि वजन अजून तेवढंच.

मनीषा_ठा
वा! कँटीनवाल्याची माफी मागितलीत का?

पोटोबा
पाण्यासारखं थांबलं, परत घेतल्यावर परत लागलं, म्हणजे ते कारण पक्कं. फुगण्याचं अजून सांगता येत नाही. तीन च्युइंगम चालू आहेतच, शिवाय रात्रपाळीने पोटाचं वेळापत्रक बिघडतंच. चपाती दोन आठवडे ठेवा आणि रोज लिहून ठेवा. वजन महिन्याभरात थोडंही वर आलं नाही तर थायरॉइड, साखर आणि सीलिएकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने होणाऱ्या आतड्याच्या आजाराची, रक्ततपासणी करून घ्या. मात्र ती होईपर्यंत चपाती सोडू नका, नाहीतर रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो.

रात्रपाळीचा_राजा
करतो. गुरुवारी वजन करून लिहितो. माफी नाही मागितली, पण वहीतली शेवटची तक्रार खोडली.

भूभू_आई
उरलेल्या पाकिटांचं काय केलंत? तुमच्या कारखान्याच्या गेटवर कुत्री असतात का?